उभे महिने, आडवे महिने

अठरा फ्लॅटची एक सोसायटी घेऊ. तीन मजले, दर मजल्यावर सहा घरं, १०१ पासून ३०६ पर्यंत. महिन्याचा मेंटेनन्स १,५०० रुपये. खजिनदारबाई शिस्तीच्या आहेत. पावती फाडली की त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये एक ओळ भरतात: पावती क्रमांक, तारीख, फ्लॅट, कोणत्या महिन्याचे पैसे आणि रक्कम. एप्रिल २०२५ पासून मार्च २०२६ पर्यंत ओळीखाली ओळ येत गेली आणि वर्षाअखेरीस १८९ पावत्यांची लांबलचक यादी तयार झाली.

वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी चेअरमन विचारतात, "काकू, एवढंच सांगा, कुणाचे कोणते महिने राहिलेत?"

यादीत एकही चूक नाही, तरी या प्रश्नाचं उत्तर तिच्यात सापडत नाही. कारण साधं आहे. जे पैसे आले त्यांची ओळ आहे. जे आलेच नाहीत त्यांची ओळच नाही. २०३ नंबरच्या फ्लॅटने नोव्हेंबरचे पैसे दिले नाहीत हे यादीत कुठेही लिहिलेलं नसतं. ते दिसायला हवं असेल तर असा कागद लागतो ज्यात २०३ आणि नोव्हेंबर यांच्यासाठी एक चौकट आधीपासून आखलेली आहे आणि ती रिकामी राहिली आहे. म्हणजे फ्लॅट उभे, महिने आडवे. अठरा ओळी, बारा कॉलम, २१६ चौकटी.

जुन्या पेढीवर हे काम दोन वह्यांत चाले. आला-गेला पैसा तारीखवार रोजकिर्दीत लिहायचा आणि मग एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत, उतरवायची. खजिनदारबाईंची यादी म्हणजे रोजकीर्द. चेअरमनना हवी आहे ती खतावणी.

इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात. उभे महिने आडवे करायचे म्हटलं की एक्सेल जाणणारा कुणीतरी शेजारी सांगतो, "ट्रान्सपोज करा." काकू अख्खी यादी कॉपी करतात, ट्रान्सपोज करून चिकटवतात आणि पडद्यावर १८९ कॉलमची आडवी पट्टी उमटते. एप्रिल एकदा नव्हे, अठरा वेळा येतो, मे सोळा वेळा. तक्ता आडवा झाला, पण चेअरमनच्या प्रश्नाचं उत्तर होतं तिथेच राहिलं.

कारण "महिने आडवे करा" या एकाच वाक्यात दोन वेगळी कामं लपलेली असतात. कोणतं काम आपल्यापुढे आहे हे ओळखायला एकच गोष्ट पाहायची: मूळ तक्त्यात प्रत्येक महिना एकदाच येतो की अनेकदा? एकदाच येत असेल तर तक्ता नुसता फिरवायचा आहे. अनेकदा येत असेल तर फिरवून भागत नाही, खतावणी करावी लागते.

फिरवण्याचं काम सोपं असल्यामुळे ते आधी पाहू. त्याच काकूंकडे खर्चाचा एक छोटा तक्ता आहे. पहिल्या कॉलममध्ये बारा महिने, पुढे तीन कॉलम: वॉचमनचा पगार, जिन्याच्या दिव्यांचं वीजबिल, पाण्याचे टँकर. शीर्षकाची ओळ धरून तेरा ओळी, चार कॉलम, म्हणजे A1 ते D13. इथे एप्रिल एकदाच आहे, मे एकदाच. हा तक्ता कॉपी करायचा, रिकाम्या जागी उजवं क्लिक करून Paste Special उघडायचं, Transpose वर खूण करायची आणि ओके म्हणायचं. चार ओळी आणि तेरा कॉलम तयार होतात. गुगल शीट्समध्येही उजव्या क्लिकवर Paste special खाली Transposed असा पर्याय आहे.

त्याच खिडकीत Values वरही खूण करावी. नाहीतर तक्त्याबरोबर आतली सूत्रंही फिरतात आणि एखादं सूत्र तक्त्याबाहेरच्या चौकटीकडे बोट दाखवत असेल तर ते भलतीकडेच पाहू लागतं. Values घेतलं की नुसते आकडे येतात. मात्र हे आकडे त्या क्षणीचं छायाचित्र असतात. मूळ तक्त्यात उद्या वीजबिल दुरुस्त केलं तर आडव्या तक्त्यात ते बदलत नाही.

मूळ तक्त्याबरोबर आपोआप बदलणारा आडवा तक्ता हवा असेल तर चिकटवण्याऐवजी सूत्र लिहायचं:

```
=TRANSPOSE(A1:D13)
```

नव्या एक्सेलमध्ये हे एका चौकटीत लिहून एंटर मारलं की उत्तर आपणहून पसरतं. वाटेत एखादी चौकट भरलेली असेल तर पसरायला जागा मिळत नाही आणि #SPILL! असा शेरा येतो. ती चौकट मोकळी केली की काम होतं. जुन्या एक्सेलमध्ये आधी चार ओळी आणि तेरा कॉलमची जागा निवडून, सूत्र लिहून, Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं.

या सूत्राने दोन गोष्टी अशा होतात की नवखा माणूस दचकतो. महिन्यांच्या जागी 45748, 45778 असे आकडे दिसू लागतात. बिघडलेलं काही नसतं. एक्सेल तारीख मुळात आकडा म्हणूनच साठवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून एक्सेलच्या मोजणीत १ एप्रिल २०२५ ला 45748 हा क्रमांक येतो. सूत्राने आकडा आणला, पण त्याचा तारखेचा पेहराव आणला नाही. त्या चौकटींना पुन्हा तारखेचं रूप दिलं की महिने परत दिसतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. एक्सेलमध्ये मूळ तक्त्यातली रिकामी चौकट फिरून आली की शून्य होते. ज्या महिन्याचं वीजबिल अजून आलंच नाही तिथे शून्य रुपये बिल दिसतं आणि वर्षाची सरासरी काढताना हे खोटं शून्यही मोजलं जातं.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पावत्यांच्या यादीकडे. यादी A ते E या कॉलममध्ये आहे:

| पावती | तारीख | फ्लॅट | महिना | रक्कम |
|---|---|---|---|---|
| ३१ | ७ जून २०२५ | २०४ | मे २०२५ | १,५०० |
| ३२ | ७ जून २०२५ | २०४ | जून २०२५ | १,५०० |
| ३३ | ८ जून २०२५ | १०२ | जून २०२५ | १,५०० |

खतावणी करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर माणसालाच द्यावं लागतं: आडवा जाणार तो महिना कोणता? पैसे ज्या महिन्यात हातात आले तो, की ज्या महिन्यासाठी आले तो? २०४ च्या कुटुंबाने मे आणि जूनचे पैसे जूनमध्ये एकदम दिले. तारखेवरून महिना धरला तर मे रिकामा दिसेल आणि जूनमध्ये ३,००० दिसतील. 'महिना' या कॉलमवरून धरला तर दोन्ही चौकटींत १,५०० बसतील. दोन्ही तक्ते खरे आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत. पासबुकाशी ताळा पाहायचा असेल तेव्हा पैसे आल्याचा महिना घ्यायचा. थकबाकी शोधायची असेल तेव्हा पैसे ज्यासाठी आले तो महिना. २०४ च्या ओळीची वर्षाची बेरीज दोन्ही तक्त्यांत सारखीच येते. म्हणून चुकीचा महिना निवडला तर नुसती बेरीज पाहून ते कळत नाही.

चेअरमनना थकबाकी हवी आहे, तेव्हा 'महिना' कॉलम घ्यायचा. पण तिथे आणखी एक अडचण आहे. १०५ मधले गृहस्थ दर तीन महिन्यांचे पैसे एकदम देतात, वर्षात चार पावत्या, प्रत्येकी ४,५०० रुपयांची. ३०१ मधले परदेशी राहतात. त्यांनी एप्रिलमध्येच वर्षाचे १८,००० भरून टाकले, एकच पावती. यादीत या पावत्यांपुढे पहिल्या महिन्याचं नाव लिहिलेलं आहे. तशीच खतावणी केली तर ३०१ च्या एप्रिलमध्ये १८,००० आणि पुढचे अकरा महिने कोरे. ज्याने सगळ्यांत आधी पैसे भरले तो सर्वांत मोठा थकबाकीदार ठरतो. काकूंनी पहिल्यांदा तक्ता केला तेव्हा २१६ पैकी २७ चौकटी रिकाम्या दिसल्या, त्यातल्या १९ या दोन घरांच्या होत्या.

उपाय तक्त्यात नाही, यादीत आहे. ४,५०० च्या पावतीची एक ओळ काढून तिच्या तीन ओळी करायच्या: पावती क्रमांक तोच, तारीख तीच, महिने तीन, प्रत्येकी १,५००. ३०१ च्या एका ओळीच्या बारा. १८९ ओळींची यादी २०८ ओळींची होते आणि एका ओळीत एका घराचा एकच महिना उरतो. आता ही यादी शीर्षक धरून A1 ते E209 पर्यंत पोचते.

महिना लिहायचा कसा, हेही इथेच ठरवून टाकावं. 'जून', 'जुलै' असं अक्षरांत लिहिलं तर संगणक ते अकारविल्हे लावतो: जूनच्या आधी जुलै, आणि डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च अशी रांग. शिवाय त्यात वर्ष नसतं, त्यामुळे दोन वर्षांची यादी एकत्र केली की दोन्ही एप्रिल एकमेकांत मिसळतात. म्हणून महिन्याच्या जागी त्या महिन्याची पहिली तारीख लिहायची आणि ती Apr-25 अशी दिसेल असं रूप द्यायचं. मग एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ हा क्रम आपोआप बरोबर लागतो.

आता रिकाम्या जागी सांगाडा आखायचा. H2 ते H19 मध्ये अठरा फ्लॅट, I1 ते T1 मध्ये बारा महिन्यांच्या पहिल्या तारखा. I2 या पहिल्या चौकटीत हे सूत्र:

```
=SUMIFS($E$2:$E$209,$C$2:$C$209,$H2,$D$2:$D$209,I$1)
```

सूत्राचं म्हणणं सरळ आहे: ज्या ओळींत फ्लॅट डावीकडच्या नंबराइतका आहे आणि महिना वरच्या तारखेइतका आहे, त्या ओळींतल्या रकमांची बेरीज कर. डॉलरच्या खुणा खिळ्यांसारख्या असतात. $H2 मध्ये कॉलम खिळलेला आहे, म्हणून सूत्र उजवीकडे ओढलं तरी फ्लॅट H मधूनच घेतला जातो. I$1 मध्ये ओळ खिळलेली आहे, म्हणून सूत्र खाली ओढलं तरी महिना पहिल्याच ओळीतून येतो. यातला एक खिळा विसरला तर पहिली चौकट बरोबर येते आणि बाकीच्या भरकटतात. म्हणून ताळा पाहताना पहिली चौकट नव्हे, शेवटची, T19, पाहावी. तिथे ३०६ चा मार्च असायला हवा.

हेच काम एक्सेलचं PivotTable सूत्राशिवाय करतं. यादी निवडून Insert मधून PivotTable घ्यायचं, 'फ्लॅट' Rows मध्ये ओढायचा, 'महिना' Columns मध्ये, 'रक्कम' Values मध्ये. महिने वेगळेच गट करून दिसले, तर त्यावर उजवं क्लिक करून Ungroup करावं. गुगल शीट्समध्ये एक ओळ पुरते:

```
=QUERY(A1:E209,"select C, sum(E) where C is not null group by C pivot D",1)
```

या दोन्ही वाटा झटपट आहेत, पण त्यांचा सांगाडा यादीतूनच तयार होतो. एखाद्या घराने वर्षभर एक रुपयाही दिला नाही तर यादीत त्याची ओळ नाही आणि तक्त्यातही त्याचं नाव येत नाही. सर्वांत मोठी थकबाकी सर्वांत नीट लपते. थकबाकीसाठी अठरा फ्लॅट आणि बारा महिने स्वतः हाताने लिहिलेला सांगाडा बरा, तो याच कारणाने. PivotTable बाबत आणखी एक ध्यानात ठेवावं: यादीत नवी पावती भरली तरी उजव्या क्लिकवरचं Refresh दाबल्याशिवाय त्याला ती कळेलच असं नाही.

पण PivotTable एका बाबतीत फार उपयोगी पडतं. ते यादीतल्या गफलती उघड्या पाडतं. काकूंनी तक्ता केला आणि रकमांऐवजी सगळीकडे १, १, १ असे आकडे आले. PivotTable बेरीज करण्याऐवजी ओळी मोजत होतं. रकमेच्या कॉलममध्ये एखाद्या चौकटीत आकड्याऐवजी मजकूर असला की ते असं वागतं. शोधल्यावर सापडलं: एका ओळीत पावतीवर लिहितात तसं 1500/- लिहिलं होतं. माणसाला ती रक्कम दिसते, एक्सेलला तो मजकूर दिसतो आणि बेरजेत तो धरला जात नाही. दुसऱ्या तक्त्यात अठराऐवजी एकोणीस ओळी आल्या, कारण एका नोंदीत 203 ऐवजी 'फ्लॅट 203' लिहिलं होतं. ते वेगळंच घर धरलं गेलं.

SUMIFS चा तक्ता अशा चुका ओरडून सांगत नाही. जी ओळ जुळत नाही ती मुकाट्याने सोडून देतो. त्यासाठी कोपऱ्यात एक ताळ्याची चौकट हवीच:

```
=SUM(E2:E209)-SUM(I2:T19)
```

यादीची बेरीज वजा तक्त्याची बेरीज. उत्तर शून्य आलं तर प्रत्येक ओळीला चौकट मिळाली. १,५०० उरले तर एक ओळ बाहेर राहिली. ती शोधताना सहसा तारीख दोषी निघते. महिना Apr-25 असाच दिसतो, पण आत ५ एप्रिल आहे. वरच्या १ एप्रिलशी ती जुळत नाही आणि ओळ गळते. चौकटीवर क्लिक करून वरच्या पट्टीत पाहिलं की खरी तारीख दिसते. कधी दोष संगणकाच्या मांडणीत असतो. ज्या संगणकात अमेरिकी पद्धत ठेवलेली असते, तिथे 1/5/2025 लिहिलं की १ मे नव्हे, ५ जानेवारी समजलं जातं. सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर भरलेल्या ओळी सगळ्या जानेवारीत जाऊन बसल्या, त्या यामुळे. 1-May-2025 असं लिहिलं की ही भानगड उद्भवत नाही.

मात्र हा ताळा काय पकडत नाही हेही माहीत असावं. २०३ चे पैसे चुकून २०४ च्या नावावर लिहिले असतील तर बेरीज जुळतेच. एकच पावती दोनदा भरली असेल तरीही जुळते, कारण दोन्ही बेरजांत ती दोनदा असते. अशी दुहेरी नोंद ओळखण्याची खूण तक्त्यातच असते. जिथे १,५०० हवेत तिथे ३,००० दिसतात. म्हणून बेरीज जुळल्यावरही २१६ चौकटींवरून एकदा डोळे फिरवायचे आणि १,५०० किंवा शून्य यांखेरीज जे दिसेल तिथे थांबायचं.

काकूंच्या तक्त्यात अखेर ताळ्याची चौकट शून्य झाली. यादीची बेरीज ३,१२,००० आणि तक्त्याची बेरीजही ३,१२,०००. अठरा घरांचे बारा महिने १,५०० च्या दराने ३,२४,००० व्हायला हवेत. फरक १२,००० रुपये, म्हणजे आठ महिने. COUNTIF ने शून्यं मोजली:

```
=COUNTIF(I2:T19,0)
```

उत्तर आठ. तक्त्यात ती आठ शून्यं दोनच ओळींत होती. २०३ चे नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने, ७,५०० रुपये. ३०६ चे जानेवारी ते मार्च हे तीन महिने, ४,५०० रुपये. आधी दिसलेल्या २७ रिकाम्या चौकटींपैकी १९ खोट्या होत्या आणि त्या सभेपुढे गेल्या असत्या तर १०५ आणि ३०१ च्या मंडळींना नसलेल्या थकबाकीचा खुलासा करावा लागला असता.

फ्लॅट, बारा महिने आणि बेरीज असे चौदा कॉलम ए-फोर कागदावर उभे बसत नाहीत. छपाईच्या खिडकीत Landscape आणि Fit All Columns on One Page निवडलं की एका आडव्या पानावर सगळं येतं. काकूंनी तो कागद नोटीस बोर्डासाठी छापला, पण यादी तशीच ठेवली. आडव्या तक्त्यात पावती क्रमांक उरत नाही, पैसे कोणत्या तारखेला आले हेही उरत नाही. हिशेबतपासनीस ३०१ च्या मार्चच्या चौकटीवर बोट ठेवून "हे पैसे कधी आले?" असं विचारतील, तेव्हा तक्ता गप्प राहील. यादीत मात्र ३०१ आणि मार्च २०२६ ची ओळ आहे, तिच्यापुढे पावती क्रमांक आहे आणि एप्रिल २०२५ मधली तारीख आहे.